बुकेची किंमत ठरते कशी? दांड्या, कागद, रिबीन आणि फुलवाल्याचं मार्जिन

कागदात गुंडाळलेला एकच गुलाब घ्यायला जावं, तर त्याची किंमत ऐकून वाटतं की डझनाचा बुके परवडणारच नाही. मग डझनाची किंमत विचारली की ती एकाच्या बारापट नसते. कधी ती सात-आठपटही भरत नाही. अकरा दांड्या, अधिक कागद आणि अधिक वेळ लागूनही फरक एवढाच कसा? बरं, फुलांच्या घाऊक बाजारात त्याच गुलाबाचा भाव पाहिला तर दोन्ही आकडे अवाच्या सवा वाटतात. यावर 'फुलवाले लुटतात' हे एक तयार उत्तर आहे. पण बुकेची किंमत चार गोष्टींतून बांधली जाते आणि त्या चारही उघडून बघता येतात.

त्या चार गोष्टी म्हणजे दांड्यांची संख्या, गुंडाळण्याचा कागद, रिबीन आणि फुलवाल्याने स्वतःसाठी ठरवलेलं मार्जिन. पहिल्या तीन खर्चाच्या आहेत. चौथी निर्णयाची आहे आणि सगळा घोळ तिच्याभोवती होतो.

खालचे आकडे नुसते आकडे म्हणून वाचा. पुढे हवं ते चलन लावा, हिशेब बदलत नाही.

दांडीचा खरा खर्च खरेदीच्या पावतीवर नसतो

गुलाब सुटे विकत आणले जात नाहीत, ते जुडीने येतात. आपण २० दांड्यांची जुडी धरू आणि तिची खरेदी किंमत १६० मानू. म्हणजे दांडी ८ ला पडली, असं पावती सांगते. नवखा फुलवाला इथेच थांबतो आणि वर्षभराने पैसे कुठे गेले ते शोधत बसतो.

कारण २० च्या २० दांड्या गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचत नाहीत. प्रवासात एखादी मोडते, एखाद्या कळीला डाग पडलेला असतो. काही दांड्यांची मान पडते. बाहेरून ताजी दिसणारी कळी दुसऱ्या दिवशी अचानक खाली झुकते, त्याला मान पडणं म्हणायचं. कापलेली दांडी आपल्या आतल्या बारीक नळ्यांमधून पाणी वर ओढत असते. कापाच्या जागी हवेचा बुडबुडा अडकला किंवा बादलीतल्या घाण पाण्यातल्या जिवाणूंनी नळ्या बुजवल्या, की पाणी कळीपर्यंत पोहोचत नाही. कळीच्या लगेच खालचा भाग सगळ्यात कोवळा, त्यामुळे वाकतोही तोच. म्हणून माल आल्यावर दांड्यांची टोकं दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा तिरकी कापायची, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, बादली घासलेली ठेवायची आणि काही तास दांड्यांना पोटभर पाणी पिऊ द्यायचं, हे काम आधी येतं. बुके बांधणं नंतर. एवढं करूनही थोडी घट होतेच. शिवाय काही दांड्या धडधाकट असूनही विकल्या जात नाहीत. चार दिवस कोणी घेतल्या नाहीत, तर पाचव्या दिवशी त्या कचऱ्यात जातात.

समजा २० पैकी दोन खराब निघाल्या आणि सरासरी दोन न विकता राहिल्या. विकल्या गेल्या १६. पैसे मात्र २० चे गेलेत. १६० भागिले १६, म्हणजे विकल्या जाणाऱ्या दांडीचा खरा खर्च १० झाला. बुकेच्या हिशेबात धरायचा तो हाच आकडा.

ही घट दिसते त्यापेक्षा जास्त बोचते. आठवडा मंद गेला आणि २० पैकी ८ दांड्या वाया गेल्या, तर उरलेल्या १२ वर १६० चा भार येतो आणि दांडी १३ च्या वर जाते. त्याचा अंतिम किमतीवर काय परिणाम होतो ते पुढे येईलच.

कागद आणि रिबीन दांड्यांच्या पटीत का वाढत नाहीत

आता १२ गुलाबांचा बुके घेऊ. दांड्यांचा खर्च १२ × १० = १२०. कागद २४ चा, रिबीन ६ ची. हिरवी पानं आणि बारीक पांढऱ्या फुलांचा भराव सोपेपणासाठी बाजूला ठेवला आहे. प्रत्यक्षात त्यांच्याही दांड्या मोजून खर्चात धरायच्या. एकूण खर्च १५०.

दांड्या २४ केल्या तर फुलांचा खर्च सरळ दुप्पट होतो, २४०. कागद मात्र दुप्पट लागत नाही. सरपणाची मोळी बांधणाऱ्याला हे ठाऊक असतं: काठ्या चौपट केल्या, तर दोर दुप्पटच लागतो. काठ्यांनी मोळीचं पोट भरतं, दोर नुसता तिच्या घेराभोवती फिरतो. बुकेतही दांड्या आतली जागा व्यापतात आणि कागद घेर झाकतो. दुप्पट दांड्यांना घेर साधारण १.४ पट होतो, चौपट दांड्यांना दुप्पट. उंची तीच असते, त्यामुळे कागदही ढोबळमानाने त्याच प्रमाणात वाढतो.

रिबीन तर आणखी आळशी. रिबिनीचा बहुतेक भाग तिची गाठ मारून केलेल्या शोभेच्या फुलात आणि लोंबत्या टोकांत जातो. दांड्यांभोवतीचे दोन वेढे हा तिचा छोटा हिस्सा. बुके मोठा झाला की वेढे थोडे लांबतात आणि रिबिनीचं फूल जरा मोठं करावं लागतं, एवढंच.

म्हणून २४ दांड्यांना कागद ४८ चा लागत नाही, ३४ चा लागतो. रिबीन १२ ऐवजी ८ ची. एकूण खर्च २८२, दुप्पट असता तर ३०० झाला असता. उलट्या दिशेने गेलो की गंमत दिसते. एकाच गुलाबाला दांडीचे १०, कागदाचे कमीत कमी ८ आणि रिबिनीचे ४ लागतात, म्हणजे २२. यात फूल निम्म्याहून कमी आहे! एकट्या गुलाबाचा बुके घेणारा माणूस खर्चाच्या हिशेबाने मुख्यतः कागद आणि रिबीन विकत घेत असतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. कागद प्रत्यक्षात तावांत येतो, मापून नाही. बारा दांड्यांना दोन ताव पुरले आणि पंधराव्या दांडीला तिसरा ताव काढावा लागला, की खर्च हळूहळू न चढता पायरी चढतो. कापून उरलेल्या पट्ट्या आतल्या थरासाठी वापरणारा फुलवाला ही पायरी बुजवतो. न वापरणारा तीही किमतीत घालतो.

मार्जिन आणि मार्कअप: एकाच आकड्याचे दोन अर्थ

खर्च १५० झाला. फुलवाला म्हणतो, 'मला साठ टक्के हवेत.' किंमत किती?

बहुतेक लोक १५० चे साठ टक्के काढतात, ९०, आणि २४० सांगतात. ही पद्धत मार्कअपची. मार्कअप म्हणजे खर्चावर चढवलेली टक्केवारी. मार्जिन वेगळं: विक्रीच्या किमतीतला किती हिस्सा खर्च वजा जाता आपल्याकडे उरतो, ते मार्जिन. साठ टक्के मार्जिन याचा अर्थ गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभरातले ६० दुकानाकडे राहिले आणि ४० खर्चात गेले. मग आपला १५० चा खर्च हा किमतीचा चाळीस टक्के भाग असायला हवा. १५० भागिले ०.४० करा, ३७५ येतात.

सूत्र असं लिहिता येईल:

किंमत = (दांड्या × एका दांडीचा खर्च + कागद + रिबीन) ÷ (१ − मार्जिन)

मार्जिन दशांशात घालायचं, साठ टक्के म्हणजे ०.६०. पडताळा घ्यायचा तर ३७५ मधून १५० वजा करा. उरले २२५, आणि २२५ हे ३७५ चे बरोबर साठ टक्के.

भागाकार असल्यामुळे मार्जिनची टक्केवारी चढते तशी किंमत उड्या मारू लागते. पन्नास टक्के मार्जिनला किंमत खर्चाच्या दुप्पट होते, साठ टक्क्यांना अडीचपट, पंचाहत्तरला चौपट, नव्वदला दहापट. मार्कअप शंभर, दोनशे, हजार टक्के असू शकतं. मार्जिन कधीच शंभर होऊ शकत नाही, कारण मग खर्च शून्य असावा लागेल. कोणी 'आम्ही दीडशे टक्के मार्जिन घेतो' म्हणालं, तर तो माणूस मार्कअपबद्दल बोलतोय हे ओळखावं. आणि दीडशे टक्के मार्कअप म्हणजेच साठ टक्के मार्जिन, आपल्या उदाहरणातलं.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. साठ टक्के मार्जिनने प्रत्येक खर्च अडीचपट होऊन किमतीत उतरतो. एकट्या गुलाबाचा खर्च २२, किंमत ५५. डझनाची किंमत ३७५, म्हणजे दांडीमागे ३१.२५ आणि एकाच्या सातपटीहूनही कमी. चोवीसची किंमत ७०५, दांडीमागे साधारण २९.४. अठ्ठेचाळीस केले तर दांडीमागे २८ च्या आसपास. आकडा घसरत जातो, पण २५ च्या खाली कधी जाणार नाही. कारण कागद आणि रिबीन कितीही विरळ वाटली गेली, तरी १० ची दांडी अडीचपट होऊन २५ ला पोहोचतेच. मोठ्या ऑर्डरवर 'दांडीमागे निम्मं करा' म्हणणाऱ्याला फुलवाला नाही का म्हणतो, ते इथे दिसतं. संख्या वाढवून बचत कागद-रिबिनीतच होते, आणि तो हिस्सा मुळात छोटा.

आणि घट? आठ दांड्या वाया गेलेल्या त्या मंद आठवड्यात बारा दांड्यांचा खर्च १६० होतो. कागद-रिबिनीचे ३० धरून १९०, आणि मार्जिन तेच ठेवलं तर किंमत ४७५. जुडीत जास्तीच्या चार दांड्या वाया गेल्या आणि बुके शंभराने महागला.

'पण साठ टक्के म्हणजे निव्वळ लूट!'

हा आक्षेप येणारच, आणि तो चुकीच्या आकड्याकडे बोट दाखवतो. मार्जिनचे २२५ हा नफा नव्हे. दुकानाचं भाडं, मदतनिसाचा पगार, शीतकपाटाची वीज, कार्डाने पैसे घेतल्यावर बँक कापून घेते ती रक्कम आणि फुलवाल्याचा स्वतःचा वेळ, हे सगळं त्यातून जायचं असतं. दांड्या, कागद आणि रिबीन हे बुके बांधला तरच होणारे खर्च आहेत. भाडं बुके विकला न विकला तरी येतं.

मग साठच का? पन्नास किंवा सत्तर का नाही? समजा दुकानाचा हा ठरलेला मासिक खर्च १८,००० आहे आणि बारा गुलाबांचा बुके हाच एक माल. साठ टक्क्यांना बुकेमागे २२५ उरतात. १८,००० भागिले २२५, म्हणजे ८० बुके विकले की खर्च निघाला. महिन्याला १०० विकले गेले तर उरलेल्या वीस बुकेंचे ४,५०० हा खरा नफा. ३७,५०० च्या विक्रीवर तो बारा टक्के पडतो. साठचे बारा असे होतात.

मार्जिन पन्नास टक्के ठेवलं तर किंमत ३०० आणि बुकेमागे १५०. खर्च काढायला १२० बुके विकावे लागतील. सत्तर ठेवलं तर किंमत ५००, बुकेमागे ३५०, आणि ५२ बुके पुरतात. कागदावर सत्तर मोहक दिसतं. प्रश्न एवढाच की ५०० ला महिन्याला ५२ गिऱ्हाइकं येतील का, आणि ३०० ला १२० येतील का. याचं उत्तर सूत्रात नसतं. ते त्या रस्त्यावर कोण चालतं, शेजारी दुसरं दुकान आहे का आणि एका माणसाच्या हातून दिवसाला किती बुके बांधून होतात, यावर असतं. मार्जिन 'ठरवावं' लागतं ते याचसाठी. माझ्या मते फुलवाल्याचं खरं कसब इथेच कळतं, रिबिनीच्या फुलात नव्हे.

मार्कअपच्या गोंधळाची किंमतही याच आकड्यांत मोजता येते. साठ टक्के मार्जिन हवं असताना ज्याने २४० लावले, त्याच्याकडे बुकेमागे ९० उरले. म्हणजे त्याचं मार्जिन खरं तर ३७.५ टक्केच. त्याला खर्च काढायला २०० बुके विकावे लागतील. तो १०० विकतो, दुकान गजबजलेलं दिसतं, आणि महिन्याअखेर ९,००० चा खड्डा असतो. स्वस्त दिल्यामुळे गर्दी होतेय आणि गर्दी होऊनही पैसा दिसत नाही, ही या चुकीची ओळखखूण. असा माणूस बहुधा घाऊक भावाला दोष देतो.

फुलांना वेगळा गुणाकार आणि कागदाला वेगळा?

अनेक फुलवाले सूत्र बाजूला ठेवून गुणाकाराने काम करतात. फुलांची खरेदी किंमत तिप्पट किंवा त्याहून थोडी जास्त, कागद-रिबीन-टोपल्या दुप्पट-अडीचपट, असा ढोबळ प्रघात या धंद्यात बऱ्याच ठिकाणी आहे. मागचं तर्कशास्त्र साधं आहे: रिबिनीचं रीळ सहा महिन्यांनीही रिबीनच असतं, फूल सहा दिवसांत कचरा होतं. जोखीम फुलात, म्हणून गुणाकार फुलावर मोठा.

आपल्या बुकेवर करून पाहू. दांडी पावतीच्या भावाने ८ धरायची. बारा दांड्या ९६, तिप्पट २८८. कागद-रिबीन ३०, दुप्पट ६०. किंमत ३४८. सूत्राने आलेल्या ३७५ पासून फार लांब नाही, आणि असायलाही नको, कारण दोन्ही पद्धती एकाच वास्तवाचा अंदाज घेतात.

घोटाळा होतो तो दोन्ही पद्धती एकत्र केल्यावर. घट धरून दांडी १० ला मोजली आणि वर तिप्पटही केली, तर १२० चे ३६०, अधिक ६०, असे ४२० होतात. तिप्पट गुणाकारात वाया जाणाऱ्या फुलांची भरपाई आधीच बसवलेली असते. ती दांडीच्या खर्चातही घातली की गिऱ्हाईक त्याच कचऱ्याचे पैसे दोनदा देतं. एखाद्याचे भाव आजूबाजूच्यांपेक्षा कायम चढे असतील आणि दुकान तरीही ओस असेल, तर हा दुहेरी हिशेब तपासावा. घट कुठेतरी एकाच जागी धरायची. मला विचाराल तर दांडीच्या खर्चात धरलेली बरी, कारण मग ती डोळ्यांसमोर राहते आणि कमी करावीशी वाटते. गुणाकारात लपलेली घट कोणी मोजत नाही.

कर हा या सगळ्यापासून वेगळा ठेवायचा. जिथे कर किमतीवर चढवला जातो तिथे तो ३७५ च्या वर येतो. जिथे लावलेल्या किमतीतच धरलेला असतो तिथे आधी कर बाजूला काढून मग मार्जिन मोजायचं. गल्ल्यात आलेले सगळे पैसे आपले समजून काढलेलं मार्जिन फुगलेलं असतं.

'मागणीच्या दिवशी भाव दुप्पट का होतात?'

ज्या दिवशी सगळ्यांनाच फुलं हवी असतात, त्या दिवशी घाऊक बाजारच चढतो. झाडावर एका दिवसापुरत्या जास्त कळ्या काढता येत नाहीत. जुडी १६० ऐवजी ३२० ला झाली असं धरा. घटीचं प्रमाण तेच ठेवलं तर दांडी २० ला पडते. बारा दांड्या २४०, कागद-रिबीन तेच ३०, खर्च २७०. साठ टक्के मार्जिनने किंमत ६७५.

इथे मात्र गिऱ्हाइकाच्या तक्रारीत तथ्य आहे. खर्च १२० ने वाढला आणि किंमत ३०० ने. बुके बांधायचं काम तेवढंच असूनही फुलवाल्याकडे २२५ ऐवजी ४०५ उरतात. टक्केवारीचं मार्जिन नेहमी असंच वागतं. कच्चा माल महागला की हातात उरणारी रक्कमही आपोआप फुगते. फुलवाला हवं तर टक्क्याऐवजी रक्कम कायम ठेवू शकतो: २७० अधिक २२५, म्हणजे ४९५. त्याचं भाडं त्या दिवशी दुप्पट झालेलं नसतं.

त्याची बाजूही आहे. त्या दिवसासाठी जादा माणसं लावावी लागतात, आधीची रात्र जागून दांड्या साफ कराव्या लागतात. मुख्य म्हणजे अंदाज चुकून ३२० च्या दहा जुड्या उरल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांना मागणी नसते. त्यामुळे ४९५ आणि ६७५ यांच्या मधला कुठलातरी आकडा दोघांना न्याय देणारा ठरेल. आगाऊ ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी भाव मागण्याचा हक्क आहे असं मला वाटतं, कारण त्याने माल उरण्याची जोखीम फुलवाल्याच्या डोक्यावरून उतरवलेली असते.

मोठा दिसणारा बुके आणि मोठा असलेला बुके

कागद फुलांच्या मानाने स्वस्त आणि दिसायला भरघोस, म्हणून मोह होतो. दोन थरांऐवजी चार थर लावले, बाहेरची कड पसरट ठेवली, मध्ये पानांचा भराव वाढवला, की नऊ गुलाब बारांएवढे दिसतात. यात फसवणूक असतेच असं नाही, काहींना तेच हवं असतं. पण आपण कशाचे पैसे देतोय ते कळावं. मुख्य फुलं किती ते मोजून विचारावं, आणि कागद बाजूला करून दांड्यांची टोकं बघावी. टोक ताजं कापलेलं आणि पांढुरकं-हिरवं असेल तर बरं, काळपट किंवा बुळबुळीत असेल तर दांडी जुन्या पाण्यात उभी होती. कळीच्या खाली बोटांनी हलकेच दाबून पाहावं. तिथे मऊ लागलं की मान पडायच्या बेतात आहे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या खरबरीत, हिरवट असतील तर घाबरू नये. त्या कळीला जपणाऱ्या पाकळ्या असतात आणि काढल्या की आतलं फूल स्वच्छ निघतं.

घासाघीस करायची तर कुठे करावी, हेही सूत्रच सांगतं. खर्चातला प्रत्येक १ किमतीत अडीच होऊन येतो. १० चा जास्तीचा कागदाचा थर नको म्हटलं तर २५ कमी व्हायला हवेत, रिबिनीऐवजी साधा दोरा चालेल म्हटलं तर जवळपास १५. एक दांडी कमी केली तर २५. 'जरा कमी करा' यापेक्षा 'बाहेरचा थर काढा, किती होतील?' हा प्रश्न जास्त चालतो, कारण त्यात फुलवाल्याचं मार्जिन शाबूत राहतं आणि तो हसत हो म्हणू शकतो.

सरळ सूट मागितली तर त्याचं काय होतं पाहा. ३७५ वर वीस टक्के सूट म्हणजे ३००. गिऱ्हाइकाला पाचवा हिस्सा वाचल्यासारखं वाटतं, पण खर्च १५० च राहिल्यामुळे दुकानाकडे २२५ ऐवजी १५० उरतात. एक तृतीयांश गेला. तेवढीच कमाई टिकवायला त्याला दीडपट बुके विकावे लागतील.

'मग संध्याकाळी तोच बुके निम्म्यात कसा देतात?'

दुकान बंद व्हायच्या वेळी बांधून ठेवलेला एक बुके उरला आहे. त्यावर झालेले १५० आता परत येणार नाहीत, त्यामुळे किती खर्च झाला हा प्रश्न संपला. उरलेला प्रश्न असा: हा बुके सोडवून ठेवला तर उद्या त्यातून काय वाचेल? समजा बारापैकी आठ गुलाब उद्याच्या बुकेत घालण्याजोगे राहतील, म्हणजे ८० ची खरेदी वाचेल. रिबीन पुन्हा वापरता येईल, ६. चुरगळलेला कागद गेला. एकूण ८६. म्हणून कोणी १८० देऊ केले तर ते घेणं फायद्याचं, अगदी १०० सुद्धा.

तरीही जाणता फुलवाला रोज संध्याकाळी असं करत नाही. चार दिवसांत लोकांना ती वेळ पाठ होते, आणि दुपारी ३७५ देणारी माणसं दुकान बंद व्हायच्या अर्ध्या तास आधी येऊ लागतात. मग महिन्याच्या ऐंशी बुकेंमागचे २२५ कुठून येणार? त्यापेक्षा तो बांधून ठेवायचे बुकेच कमी करतो, दांड्या बादलीत सुट्या ठेवतो आणि गिऱ्हाईक समोर आल्यावर बांधतो. दहा मिनिटं थांबावं लागतं, पण संध्याकाळी उरतात त्या दांड्या, ज्यांचा कागद अजून कापलेला नसतो.